चुना मारून गादी उलटली, तरी अमोनियाचा वास वाढला

प्रश्न: "सर, ३०० लेअर कोंबड्या आहेत, शेड २० बाय ३० फूट. तुसाची गादी टाकली तेव्हा ४ इंच होती, ओला भाग काढून काढून आता ३ इंच राहिली असेल. आठ दिवस पावसाळी हवा आहे. सकाळी शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरतात. काल चुना मारून सगळी गादी एका दमात वरखाली केली, तर वास दुप्पट झाला. सगळी काढून नवीन टाकू का? गादी किती जाड पाहिजे आणि किती दिवसांनी हलवायची?"

सगळी गादी काढू नका. चुना आता पुन्हा मारू नका, आणि ओली गादी पुन्हा तशी वरखाली करू नका. आज फक्त दोन कामं करा. पाऊस आत येत नसलेल्या बाजूचे पडदे पूर्ण खाली घेऊन ती बाजू उघडी ठेवा, आणि रात्री पडदे लावताना दोन्ही लांब बाजूंना वर किमान फूटभर फट ठेवा. मोठ्या कोंबडीला रात्रीचा गारवा सहज सोसतो, कोंडलेली हवा सोसत नाही. बाकीचं उद्यापासून करू. पण त्याआधी काल काय झालं ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या ओल्या आठवड्यात पुन्हा हेच होईल.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते युरिक आम्ल, म्हणजे तिची लघवीच. गादीतले जिवाणू ते फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. या कामाला त्यांना ओल आणि ऊब लागते. गादी कोरडी असेल तर हे काम अगदी सावकाश चालतं, ओली असेल तर जोरात. मात्र तयार झालेला सगळा अमोनिया लगेच हवेत उडत नाही. बराचसा गादीतल्या ओलाव्यात विरघळून बसतो. तो तिथेच बसून राहणार की वायू होऊन उडणार हे गादी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी यावर ठरतं. पीएच ७ च्या खाली असेल तर जवळपास सगळा बसून राहतो, ८ च्या वर गेला की भराभर उडायला लागतो.

आता काल तुम्ही काय केलंत ते बघा. आठ दिवसांचा अमोनिया ओल्या गादीत साठलेला होता. त्यावर चुना पडला. चुना अल्कधर्मी, त्यामुळे पीएच एकदम वर गेला. मग तुम्ही खालचा ओला थर उकरून वर आणलात, म्हणजे साठ्याला हवा दिलीत. हे दोन्ही एकाच दुपारी झालं, तर वास दुप्पट होणारच. चुना ओल शोषतो हे खोटं नाही, म्हणून जुन्या सल्ल्यांत तो सगळीकडे सापडतो. पण ओल्या आणि वास मारणाऱ्या गादीवर, तेही कोंबड्या आत असताना, तो टाकणं मला पटत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हे केलं आहे. संध्याकाळी शेडमध्ये गेलो तर निम्म्या कोंबड्या डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. चुन्याची खरी जागा रिकाम्या शेडमध्ये आहे. बॅच गेली, फरशी धुतली, वाळली, की चुना मारायचा, तो सुकू द्यायचा आणि त्यावर नवीन गादी अंथरायची.

वास हा आजार नाही, लक्षण आहे. आजार पाण्याचा आहे. म्हणून मी गादीकडे नेहमी पाण्याचा जमाखर्च म्हणून बघतो. तुमच्याच ३०० कोंबड्यांचा हिशेब मांडू. साधारण हवेत एक कोंबडी दिवसाला २०० ते २५० मिली पाणी पिते, म्हणजे तुमच्याकडे ६५ लिटरच्या आसपास. त्यातलं दहा-अकरा लिटर अंड्यांतून बाहेर जातं. एक कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. ३०० कोंबड्यांची ३६ किलो विष्ठा धरली तर गादीवर रोज २७ लिटर पाणी पडतं. उरलेलं पाणी कोंबड्या श्वासावाटे हवेत सोडतात. थोडक्यात, अंड्यांतलं वगळता दिवसाला पन्नासहून जास्त लिटर पाणी हवेवरच स्वार होऊन शेडबाहेर जायला पाहिजे, त्याला दुसरी वाट नाही. तुम्ही रात्री पडदे घट्ट लावता तेव्हा ही वाट दहा-बारा तास बंद होते. श्वासातलं पाणी गार पत्र्याला लागतं, थेंब होऊन खाली टपकतं, आणि सकाळी गादीचा वरचा थर ओला दिसतो. बघणाऱ्याला वाटतं पत्रा गळतोय.

जाडीचा प्रश्न याच हिशेबात सुटतो. गादी म्हणजे नुसतं अंथरूण नाही, ती पाण्याची टाकी आहे. चांगल्या दिवशी ती रिकामी होते, वाईट दिवशी भरते. तुमची ३ इंचाची गादी ६०० चौरस फुटांत म्हणजे १५० घनफूट होते. नुसतं तूस धरलं तर वजन सव्वाचारशे ते साडेचारशे किलो. समजा तिच्यात २५ टक्के ओल आहे, म्हणजे तब्येत ठीक आहे. आता पाच दिवस अशी हवा आली की रोजच्या २७ लिटरपैकी निम्मंच उडालं. पाच दिवसांत ६७ लिटर पाणी आणि विष्ठेचा कोरडा भाग ४५ किलो गादीत राहिला. हिशेब केलात तर ओल ३२ टक्क्यांवर जाते. हीच गादी दुप्पट जाड असती तर तेवढंच पाणी घेऊन ती २९ टक्क्यांच्या आसपास थांबली असती. तीन टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण ३० च्या पलीकडे गादी चिकटायला लागते, ३५ पुढे तिचे पोपडे धरतात, आणि पोपडा धरला की खालची ओल उडतच नाही. म्हणून पातळ गादीवाला तिसऱ्या-चौथ्या ओल्या दिवशी अडकतो आणि जाड गादीवाल्याला आठवडाभर सवड मिळते. वर शेडभर सरासरी ३२ टक्के म्हणजे पाण्याच्या भांड्यांखाली ४०-४५ आणि मधल्या मोकळ्या जागेत २५. वास येतो तो त्या भांड्यांखालच्या पट्ट्यांतून.

तेव्हा जाडी अशी धरा. सुरुवातीला ४ ते ६ इंच कोरडं तूस, लाकडाचा भुसा किंवा दोन्हींचं मिश्रण. मग दर दोन-तीन आठवड्यांनी त्यावर अर्धा-एक इंच कोरडा माल टाकत जायचं. विष्ठा आणि तूस मिळून वाढत वाढत पाच-सहा महिन्यांत ती ८ ते १० इंचांवर यायला पाहिजे, पुढे १२ इंचांपर्यंत गेली तरी चालते. एकदम ८ इंच कोरडं तूस टाकण्यात अर्थ नाही. कोंबड्यांच्या पायांनी ते खालवर होत नाही, अंडी घालायच्या खोक्यांपुढे ढीग होतात, आणि तळाचा माल कोराच राहतो. तुमच्याकडून उलटं झालं: ओला भाग काढत गेलात, पण तेवढा कोरडा परत टाकला नाहीत. चार इंचाचे तीन झाले आणि टाकी लहान होत गेली. आणखी एक गोष्ट म्हणजे गादीची सुरुवात शक्यतो कोरड्या हंगामात करा, ओल्या दिवसांच्या निदान दोन महिने आधी. तोवर तिच्यात जिवाणू स्थिरावतात आणि गादी पिकते. पिकलेली गादी गडद तपकिरी, भुसभुशीत असते, मूठभर घेऊन हुंगली तर मातीसारखा वास येतो, डोळ्यांना झोंबत नाही. सगळी काढून टाकू नका असं पहिल्या ओळीत म्हटलं ते यासाठी. नव्या कोऱ्या ३-४ इंचांवर याच ओल्या हवेत तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

आता पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधायचं. यासाठी उपकरण लागत नाही, खुरपं पुरे. शेडमध्ये दहा-बारा ठिकाणी गादी तळापर्यंत उकरून बघा: दोन भांड्यांखाली, दोन भिंतीच्या कडेला, दोन रात्री बसायच्या दांड्यांखाली, दोन मधल्या मोकळ्या जागेत, दोन दाराशी. वरचा थर ओला आणि खालचा कोरडा असेल तर पाणी वरून येतंय, म्हणजे पत्र्याचे थेंब, पावसाची झड किंवा कोंडलेली हवा. वर कोरडं आणि तळाशी चिखल असेल तर फरशीतून ओल चढतेय किंवा बाहेरचं पाणी भिंतीखालून आत शिरतंय. अशा गादीला वरून कितीही हलवा, उपयोग नाही. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी साठत असेल तर आधी बाहेर चर खणून ते लांब काढावं लागेल. वळचण तीन फूट बाहेर असेल तर झड आणि पागोळ्या दोन्हींपासून बरंच निभावतं. आणि वरपासून तळापर्यंत गोल ओला डाग असेल तर वर बघा, तिथे पाण्याचं भांडं किंवा निपल असणार.

दहातले सात वेळा तेच निघतं. निपल किंवा नळीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब पडतोय असं समजा. क्षुल्लक वाटतं, पण दिवसाला ते चार लिटरच्या वर जातं, आणि ते सगळं हातभर जागेत. तुमच्याकडे टांगती गोल भांडी असतील तर त्यांची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला पाहिजे. त्यापेक्षा खाली असेल तर ती चोच बुडवून पाणी उडवते, वर पायाने तूसही टाकते. ते तूस भांड्यात फुगतं आणि पाणी कडेवरून वाहायला लागतं. भांड्यात पाणी इंचभरापेक्षा जास्त नको. निपल असेल तर कोंबडीने मान जरा ताणून चोच वर केली पाहिजे, मान वाकवून आडव्या चोचीने प्यायली तर निम्मं पाणी गादीत. गादी जाड होत जाते तशी भांडी वर घ्यायची हे बरेच जण विसरतात. सहा महिन्यांत गादी चार इंच वाढली आणि भांडं तिथेच राहिलं, म्हणजे भांडं चार इंच खाली आलं. भांड्यांखाली जाळीची चौकट आणि तिच्याखाली पत्र्याचा ट्रे ठेवलात तर सांडलेलं पाणी गादीला लागतच नाही. माझ्या मते या एका कामाची बरोबरी कुठलीही पावडर करत नाही.

भांडी ठीक असूनही गादी सगळीकडे सारखी ओली होत असेल, तर विष्ठाच पातळ आहे का ते बघा. रात्री दांड्यांखाली जुना कागद अंथरा आणि सकाळी बघा. चांगली विष्ठा घट्ट, वर पांढरी टोपी, खाली कागद थोडासाच ओला. बहुतेक ढिगांभोवती पाण्याचं मोठं वर्तुळ दिसलं तर प्रश्न गादीचा नाही, खाद्याचा, पाण्याचा किंवा पोटाचा आहे. खाद्यात मीठ जास्त झालं की कोंबडी जास्त पाणी पिते आणि तेवढंच जास्त सोडते. मासळीचा कुटा घालून घरी खाद्य बनवणाऱ्यांकडे हे हमखास होतं, कारण कुट्यातलं मीठ कुणी धरत नाही. गरजेपेक्षा जास्त प्रथिन दिलं तर त्याचंही युरिक आम्लच होतं, म्हणजे अमोनियाचा कच्चा माल तुम्हीच पैसे देऊन आत आणता. विष्ठेत रक्त किंवा शेंबूड दिसला तर गादीचं काम बाजूला ठेवून आधी पशुवैद्यांना दाखवा. ओल्या उबदार गादीत रक्ती हगवणीची बीजं एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात.

आता तुमच्या शेडचं काम, दिवसवार. पहिल्या दिवशी भांडी आणि नळ्या दुरुस्त करा, उंची लावा. गळती बंद केल्याशिवाय एक घमेलंही तूस टाकू नका. मग दुपारी, अंडी घालून झाल्यावर, भांड्यांखालचे आणि दाराजवळचे पोपडे फावड्याने उचलून थेट बाहेर काढा. पोपडे फोडून गादीत मिसळायचे नाहीत. काल तुम्ही नेमकं तेच केलंत, त्यामुळे ओल पट्ट्यांतून उठून सगळ्या शेडभर पसरली असेल. असो. जिथे तळापर्यंत ओलं आहे तिथे फरशी दिसेपर्यंत काढा. अंदाजे ६०० पैकी शंभर-सव्वाशे चौरस फूट तरी निघतील. फरशी तासभर उघडी राहू द्या आणि मग तिथे ६ इंच कोरडं तूस टाका, शेजारच्या गादीपेक्षा थोडं उंचच. बाहेर काढलेला माल शेडच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तो तिथे तापतो, माशा होतात आणि वास वाऱ्याबरोबर परत आत येतो. लांब नेऊन ढीग करा, वरून झाका. कुजल्यावर उत्तम खत होतं.

दुसऱ्या दिवसापासून राहिलेली गादी हलवायची, पण एकदम सगळी नाही. शेडचे तीन पट्टे करा आणि रोज एकच पट्टा घ्या. दाताळ्याने वरचे दोन-तीन इंच मोकळे करा, तळ उकरू नका. एका पट्ट्यातून निघणारा अमोनिया उघड्या शेडमधून निघून जातो, सहाशे फुटांतून एकदम निघालेला जात नाही. वेळ दुपारी बारा ते तीनची. यामागे कारण आहे: हवा दहा अंशांनी तापली की तिच्यात साधारण दुप्पट पाणी मावतं. पहाटेची हवा आधीच ओलीने भरलेली असते, तेव्हा गादी हलवून वास सुटतो पण ओल जात नाही. संध्याकाळी हलवलीत तर सुटलेला अमोनिया घेऊन कोंबड्या रात्रभर झोपणार. दिवसभर पाऊस असेल त्या दिवशी हलवूच नका, फक्त नवे पोपडे उचला. हलवताना तोंडाला मास्क बांधा.

पाचव्या दिवशी पहिल्या पट्ट्यावर परत या आणि आता वर इंचभर कोरडं तूस टाकून हलवा. असे दोन फेरे झाले की, म्हणजे आठवड्याभरात, सकाळच्या वासात उघड फरक पडायला पाहिजे. नाही पडला तर पाणी कुठूनतरी अजून येतंय, पुन्हा खुरपं घेऊन तळ बघा. मग पुढचे दोन महिने दर पंधरवड्याला अर्धा-एक इंच कोरडा माल, जोवर गादी ८ इंचांवर येत नाही.

नेहमीसाठी कोरड्या हवेत आठवड्यातून एकदा-दोनदा, ओल्या हवेत एक दिवसाआड हलवणं पुरतं. भांड्यांभोवतालचा हातभर भाग मात्र रोज. ज्या कोंबड्या स्वतः उकरतात तिथे अर्धं काम त्याच करतात. दुपारी उशिरा कोंबडीमागे पाचेक ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे दीड किलो अख्खं धान्य, गादीवर विखरून टाका आणि गंमत बघा, जिथे टाकाल तिथली गादी तासाभरात भुसभुशीत. हे धान्य त्यांच्या रोजच्या खाद्यातून वजा करायचं, आणि ओल्या किंवा बुरशी आलेल्या जागी कधीच टाकायचं नाही. तुमची गादी वाळेपर्यंत हा प्रयोग थांबवा.

ओल किती आहे हे ओळखायला मूठ पुरे. तीन-चार इंच आतून मूठभर गादी घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा धरला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर ओल २५ च्या आसपास, उत्तम. गोळा टोचूनही तसाच राहिला आणि तळवा ओलसर झाला तर तीस-पस्तीसच्या वर. गोळा धरलाच नाही, नुसती धूळ उडाली, तर वीसच्या खाली. तेही बरं नाही, कारण त्या धुळीने कोंबड्यांची आणि तुमची छाती बिघडते. अशा वेळी मी झारीने अगदी हलकं पाणी शिंपडतो. मुठीवर विश्वास बसत नसेल तर पाच-सहा ठिकाणची गादी मिसळून त्यातली १०० ग्रॅम मोजा, पत्र्यावर पातळ पसरून मंद आचेवर वजन कमी होणं थांबेपर्यंत वाळवा आणि परत मोजा. ७० ग्रॅम उरली तर ओल ३० टक्के. हे घरातल्या चुलीवर करू नका. मी एकदा केलं होतं, नंतर दोन दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

वासाच्या बाबतीत स्वतःच्या नाकावर फार विसंबू नका. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक मरतं, पाच मिनिटांत वास येईनासा होतो. म्हणून पहाटे, पडदे उघडायच्या आधी, शेडमध्ये शिरल्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जे जाणवेल तेच खरं. उभं राहून नाही, उकिडवे बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला श्वास घ्या, कारण अमोनिया गादीतून निघतो आणि सगळ्यात जास्त तिथेच असतो. तो २५ पीपीएमच्या खाली ठेवायचा असा साधारण दंडक आहे. ५० च्या पुढे दिवसेंदिवस राहिला तर डोळ्यांच्या बाहुलीवर पांढुरकी झाक येते, श्वासनळीतली बारीक लव निकामी होते आणि मग सर्दी-खोकल्याचा कुठलाही जंतू आत शिरतो. खाणं आणि अंडी दोन्ही घटतात. भिजवून लावायच्या अमोनिया-पट्ट्या मिळतात. त्या अगदी काटेकोर नसल्या तरी २० आहे की ५० आहे एवढं सांगतात. तुमचे डोळे चुरचुरतात म्हणजे २५ ची पायरी बहुधा ओलांडली आहे. उद्या सकाळी वीस-पंचवीस कोंबड्या हातात घेऊन डोळे आणि तळपाय बघा. डोळ्यांतून पाणी, फेस, किंवा डोळा पंखावर घासणं दिसलं, तळव्याला काळी खपली दिसली, तर किती दिवसांपासून हे चाललंय त्याचा अंदाज येईल. नुसतं पाणी येत असेल तर हवा सुधारल्यावर बऱ्याचशा सावरतात. बाहुली पांढरी झालेली कोंबडी वेगळी काढा, तिला खाद्य आणि पाणी नीट सापडत नाही.

गादीत आम्ल टाकायचे उपाय विचाराल, म्हणून सांगतो. तुरटी किंवा सुपर फॉस्फेट गादीचा पीएच खाली आणतात आणि अमोनिया गादीतच बांधून ठेवतात. चुन्याच्या नेमकं उलट. म्हणून चुना आणि हे एकत्र कधीही टाकू नका, दोघं एकमेकांना मारतात. तुमच्या गादीत तर चुना कालच पडला आहे. ब्रॉयलरच्या रिकाम्या शेडमध्ये तुरटीची भुकटी १०० चौरस फुटांना साधारण अडीच ते साडेचार किलो टाकतात. पण तिचा परिणाम काही आठवडेच टिकतो आणि ओल तेवढीच राहते. कोंबड्या आत असताना भुकटी डोळ्यांत-नाकात जाते आणि त्या टोचूनही बघतात, त्यामुळे मी ती चालू शेडमध्ये सहसा वापरत नाही. पोपडे काढले, भांडी लावली, हवा खेळती केली, तर तिची पाळी येत नाही.

सगळी गादी काढायची वेळ कधी येते तेही सांगतो. पुराचं किंवा फुटलेल्या टाकीचं पाणी शिरून निम्म्याहून जास्त शेड तळापर्यंत भिजली, गादीत जागोजागी पांढरी-हिरवी बुरशी धरली, किंवा रोगाने मर झाली आणि पशुवैद्यांनी सांगितलं, तर काढायचीच. नाहीतर गादी त्या बॅचचं अंड्यांचं पूर्ण वर्ष चालते आणि बॅच गेल्यावरच निघते. जुनी चांगली गादी पुढच्या तलंगांसाठी ठेवायचा मोह होईल, कारण ती कोरडी आणि पिकलेली असते. ठेवू नका. जुन्या बॅचचे जंत आणि रोग तिच्यातूनच नव्या पक्ष्यांना लागतात.

गळती दुरुस्त झाली की खुरप्याने घेतलेल्या दहा-बारा जागा आणि प्रत्येक जागी ओल वर होती की तळाशी, एवढं लिहून पाठवा. भांडी टांगती आहेत की निपल तेही कळवा, आणि फरशी कोबा आहे की मातीची. माती असेल तर मी वर दिलेला दिवसांचा क्रम थोडा बदलावा लागेल, कारण ओलं काढल्यावर ती फरशी तासाभरात वाळत नाही. तिथे रात्रभर जाळी टाकून कोंबड्यांना लांब ठेवावं लागतं आणि तूस दुसऱ्या दिवशी दुपारी टाकावं लागतं.